बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काळा का येतो?

मोबाइलवरून पैसे पाठविणे आता शहरापुरते उरलेले नाही. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे राहणाऱ्या वडिलांनी पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या वसतिगृहाचे 12 हजार रुपये बँकेच्या अ‍ॅपमधून भरले, असे समजा. वसतिगृहाचा व्यवस्थापक पुरावा म्हणून स्क्रीनशॉट मागतो. वडील तो काढून पाठवितात. पण पलीकडे पोहोचतो केवळ एक काळा आयत. वर घड्याळ आणि बॅटरीचे चिन्ह दिसते, खाली मात्र सारा अंधार. मोबाइल बिघडला की पैसेच गेले नाहीत, अशी शंका दोन्ही बाजूंना येते. प्रत्यक्षात यांपैकी काहीही घडलेले नसते. हा अंधार अ‍ॅपने हेतुपुरस्सर निर्माण केलेला असतो.

त्याचे कारण समजण्यासाठी मोबाइलच्या पडद्यावरील चित्र कसे तयार होते, हे पाहावे लागेल. आपल्याला दिसणारे चित्र अखंड वाटते; पण ते अनेक थरांचे बनलेले असते. घड्याळाची वरची पट्टी हा एक थर, अ‍ॅपचे पान हा दुसरा, अक्षरे टंकण्याचा कळफलक हा तिसरा. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, त्याप्रमाणे हे थर जुळवून अँड्रॉइड प्रणाली अंतिम चित्र पडद्यावर मांडते. सर्वसाधारण मोबाइलवर ही जुळणी सेकंदाला सुमारे 60 वेळा होऊ शकते.

स्क्रीनशॉट म्हणजे काचेवर उमटलेल्या प्रकाशाचे छायाचित्र नव्हे. आपण कळ दाबतो तेव्हा प्रणाली तेच थर पुन्हा एकदा जुळविते आणि ते चित्र पडद्याऐवजी स्मृतीत साठविते. म्हणजे एक चित्र आपल्या डोळ्यांसाठी आणि दुसरे साठवणुकीसाठी, अशी दोन चित्रे तयार होतात. नेमक्या या दुसऱ्या जुळणीच्या वेळी अ‍ॅपला आपला थर वगळण्याची विनंती करता येते. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये FLAG_SECURE नावाची खूण आहे. ही खूण असलेला थर मोबाइलच्या स्वतःच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे दिसतो. साठवावयाच्या चित्रात मात्र त्याच्या जागी काळा रंग भरला जातो. घड्याळाच्या पट्टीवर ती खूण नसते, म्हणून ती शाबूत राहते. काही मोबाइल असे काळे चित्र साठवितात, तर काही स्क्रीनशॉट घेण्यासच नकार देऊन तशी सूचना दाखवितात. पडद्याचे चित्रीकरण करताना किंवा तो दुसऱ्याला दाखविताना मात्र काळा भागच पुढे जातो.

ही खूण संपूर्ण अ‍ॅपला नव्हे, तर त्यातील प्रत्येक खिडकीला स्वतंत्रपणे लावावी लागते. त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये शिल्लक दाखविणारे पान काळे येते आणि व्यवहाराच्या पावतीचे पान स्वच्छ येते, असेही घडते. आयफोनवर अ‍ॅपसाठी अशी सरळ खूण उपलब्ध नाही. तेथे स्क्रीनशॉट काढून झाल्यावर अ‍ॅपला त्याची वर्दी मिळते, तर चित्रीकरण चालू असल्यास ते ओळखून अ‍ॅपला पान झाकता येते. एकाच बँकेचे अ‍ॅप दोन मोबाइलवर वेगळे वागते, त्याचे हे एक कारण होय.

दोष मोबाइलचा आहे की अ‍ॅपची ही मनाई आहे, हे ओळखणे अवघड नाही. मोबाइलच्या मुख्य पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन पाहावा. तो नीट आला आणि बँकेचे पान तेवढे काळे आले, तर मोबाइल ठणठणीत आहे असे समजावे. मुख्य पडद्याचाही स्क्रीनशॉट नाकारला गेला आणि मोबाइल कार्यालयाने दिलेला असेल, तर कार्यालयाने घातलेले बंधन हे कारण असू शकते.

पण स्वतःच्याच शिलकीचे चित्र ग्राहकाला का काढू देऊ नये? एक कारण असे, की स्क्रीनशॉट छायाचित्रांच्या संग्रहात जाऊन पडतो. छायाचित्रे पाहण्याची परवानगी मिळालेले दुसरे कोणतेही अ‍ॅप तो वाचू शकते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एका फसवणुकीबाबत सावध केले होते. भामटा ग्राहकाला ‘एनीडेस्क’ हे दूरस्थ नियंत्रणाचे अ‍ॅप घ्यावयास लावी, त्यात दिसणारा 9 अंकी संकेतांक विचारून घेई आणि त्याच्या आधारे ग्राहकाच्या मोबाइलमध्ये शिरून यूपीआयद्वारे पैसे काढी. ते अ‍ॅप मुळात संगणक दुरुस्तीसारख्या वैध कामांसाठी बनलेले. त्याचा हा गैरवापर होता. दूर बसलेल्या माणसाकडे पडदा पोहोचतो, तोही त्या दुसऱ्या चित्राच्याच मार्गाने. बँकेच्या पानावर खूण असेल, तर त्याला खाते क्रमांक आणि शिलकीऐवजी काळा आयत दिसतो.

तथापि या संरक्षणाला मर्यादा आहेत. ‘ओटीपी’ बँकेच्या पानावर येत नाही, तो लघुसंदेशात येतो. आणि बँकेने आपल्या पानाला लावलेली खूण लघुसंदेशाच्या अ‍ॅपला लागू होत नाही. त्यामुळे बँकेचे पान काळे असले, तरी वरून डोकावणारा ओटीपी भामट्याला वाचता येऊ शकतो. 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या 15व्या आवृत्तीत पडदा दुसऱ्याला दाखविला जात असताना ओटीपी असलेल्या सूचना झाकण्याची सोय झाली. जुन्या मोबाइलवर तिचा भरवसा धरता येत नाही. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखविण्यासाठी असलेली सुविधा चित्र नव्हे, तर मजकूरच वाचते. म्हणून ती परवानगी मिळविलेल्या घातक अ‍ॅपला काळा रंग अडवू शकतोच असे नाही. समोर दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा धरला, तर अडथळा अजिबातच उरत नाही. आणि ‘साहेब, मला इथं काळं दिसतंय, आकडे जरा वाचून दाखवा,’ असे सांगणाऱ्या भामट्यापुढे ग्राहकाने तोंड उघडले, तर कोणतीही खूण कामास येत नाही. फोनवरच्या अनोळखी माणसाला आपला पडदा काळा दिसतो आहे, हेच त्याचे चोरून पाहणे चालू असल्याचे लक्षण होय. अशा वेळी प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, ते अ‍ॅप काढून टाकावे आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असतील, तर 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

राहिला प्रश्न पैसे भरल्याच्या पुराव्याचा. बहुतेक अ‍ॅपमध्ये पावती पाठविण्याची स्वतंत्र कळ असते. त्या कळीने जाणारी पावती पडद्यावरून उचललेली नसते. अ‍ॅप ती नव्याने तयार करते, म्हणून ती काळी येत नाही. तीही नसेल, तर यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून पाठवावी. पैसे घेणाऱ्यानेही चित्राकडे न पाहता आपल्या खात्यातील नोंद पाहून त्या क्रमांकाशी ताडावी. कारण स्वच्छ दिसणारा स्क्रीनशॉट सहज बनावट करता येतो. खात्यात जमा झालेली रक्कम तशी करता येत नाही.