स्वागताचा मेल तपासताना

टीममध्ये नवीन माणूस येणार असला की त्याला पाठवायचा स्वागताचा मेल टीम लीड सहसा दोन मीटिंगच्या मधल्या वेळात लिहितो. पहिली ओळ एचआरच्या जुन्या साच्यातून उचललेली असते, पुढचं त्याच्या मनचं असतं. मग तो शेजारच्या मराठी चांगलं असणाऱ्याला म्हणतो, “जरा शुद्धलेखन बघ ना.” आणि शेजारचा बहुतेक वेळा शुद्धलेखनासोबत लीडचा आवाजही पुसून टाकतो.

समजा, एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातल्या लीडने असा मेल लिहिला आहे:

“प्रिय रुजूता, आपले आमच्या टीममधे हार्दिक स्वागत!!! तू येणार हे कळल्यापासून सगळे खुष आहेत. सोमवारी ४ ऑगस्टला सकाळी साडेनऊला ऑफिसला या. गेटवर आधार कार्ड दाखवून पास घ्यायचा, मग सरळ तिसरा मजला. लिफ्टचं काही सांगता येत नाही, तेंव्हा जिन्याने आलीस तर लवकर पोचशील. पहिल्या आठवड्यात तुला काही लगेच येणं अपेक्षित नाही. निखिल सगळं दाखवेल. गुरूवारी आम्ही सगळे एकत्र जेवतो, डबा आणू नकोस. बावळट प्रश्न विचारायला पूर्ण परवानगी आहे. वेळापत्रक सोबत जोडलंय.”

पहिल्या वाचनात काहीच दुरुस्त करायचं नाही. हा माणूस बोलतो कसा, एवढंच ऐकायचं. लिफ्टची तक्रार, “मग सरळ तिसरा मजला” हे क्रियापद नसलेलं वाक्य, “जोडलंय”, बावळट प्रश्नांची परवानगी ही त्याची बोली आहे. पहिल्या दिवसाच्या धास्तीत असलेल्या मुलीला धीर येणार तो याच जागांमुळे. इथे पेन्सिल टेकवायची नाही. “उद्वाहन नादुरुस्त असल्यास जिन्याचा वापर करावा” हे वाक्य व्याकरणात बसतं, पण ते नोटीस बोर्डावर शोभेल.

नियमही इथे आडवे येत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२मध्ये मान्य केले. ते चौदा होते. १९७२मध्ये आणखी चार आले आणि अठरा झाले. औपचारिक लेखनात “तुझे”, “सगळे दाखवले” अशी रूपं त्यांना हवी असली, तरी बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तिथे “तुझं”, “केलं” असा अनुस्वार ते चालवून घेतात. स्वागताचा मेल हे कागदावरचं बोलणंच असल्याने अनुस्वार तसेच ठेवायचे. “दाखवेल”चंही तेच. जुन्या शिस्तीचं व्याकरण “दाखवील” म्हणेल, पण ऑफिसात तसं बोलणारा माणूस शोधावा लागेल.

खऱ्या चुका आता बघू. “टीममधे”चं “टीममध्ये” करायचं. “तेंव्हा”वरचा अनुस्वार काढायचा. “खुष”चं “खूश” होतं, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असलं की मराठी शब्दात त्याच्या आधीचा उकार दीर्घ येतो: मूल, फूल, खूश. “गुरूवार” जरा फसवा आहे. एकटा “गुरू” मराठीत दीर्घ लिहितात, मग वारातही दीर्घच असेल असं वाटतं. पण संस्कृतातून आलेल्या समासात पहिलं पद ऱ्हस्वच राहतं, म्हणून गुरुवार. उद्गारचिन्हं तीनऐवजी एक पुरे. “हार्दिक” मला स्वतःला लग्नपत्रिकेतलं वाटतं, पण ती चूक नाही. शब्द लीडचा आहे, राहू द्यावा.

नावाला मात्र नियम लावायचा नाही. रुजूता, रुजुता की ऋजुता, हे कोश ठरवत नाही. ती स्वतः कसं लिहिते त्यावर ठरतं. तिच्या अर्जावर किंवा तिच्याच एखाद्या मेलच्या शेवटी बघायचं. अर्ज इंग्रजीत असेल तर त्या स्पेलिंगवरून अंदाज बांधू नये, सरळ विचारावं. इथे ती “ऋजुता” लिहिते असं धरू. बाकी चुका कदाचित तिच्या लक्षातही येणार नाहीत. स्वतःच्या नावातली नक्की येईल.

या मेलमधला सगळ्यात मोठा दोष ऱ्हस्व-दीर्घाचा नाहीच. पहिल्या ओळीत “आपले”, दुसरीत “तू”, तिसरीत “या” आणि पुढे “आलीस”. साच्यातली ओळ आणि लीडची स्वतःची भाषा यांचा सांधा नीट बसलेला नाही. वाचणारीला कळत नाही की हा माणूस आपल्याला जवळचं मानतोय की लांबचं. ती पंचविशीची असेल आणि मुलाखतीनंतर फोनवर “तू” झालं असेल, तर “तू”च ठेवावं: “तुझं स्वागत”, “ऑफिसला ये”. पण ती लीडपेक्षा वयाने मोठी असेल किंवा दोघं अजून बोललेलीच नसतील, तर “तुम्ही” बरं, आणि मग नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. आलीसचं आलात, पोचशीलचं पोचाल, नकोसचं नका, असं एकेक क्रियापद हुडकावं लागतं. एखादं हमखास सुटतं, म्हणून या दुरुस्तीनंतर मेल मोठ्याने वाचावा. डोळ्यांना चुकलेलं कान पकडतात. आणखी एक गोष्ट म्हणजे “आलीस”मध्ये ती बाई आहे हे गृहीत आहे. नाव किरण किंवा सुहास असतं तर ते आधी विचारावं लागलं असतं.

आता “तुला काही लगेच येणं अपेक्षित नाही.” लीडला म्हणायचंय की काम लगेच जमलं नाही तरी चालेल. पण सोमवारी या असं नुकतंच वाचलेल्या माणसाला “पहिल्या आठवड्यात आला नाहीत तरी चालेल” असाही अर्थ लागू शकतो. शब्दन् शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेक इथे गप्प राहतो. दुरुस्ती लीडच्याच सुरात करायची: “पहिल्या आठवड्यात सगळं लगेच जमलंच पाहिजे असं काही नाही.”

तारीख तर कॅलेंडर उघडल्याशिवाय सोडूच नये. २०२६ साली ४ ऑगस्टला मंगळवार आहे. सोमवार ३ तारखेला येतो. इथे तपासणाऱ्याने परस्पर चाराचे तीन करू नयेत, कारण चूक वारात आहे की तारखेत हे फक्त लीडला माहीत. अशा जागी दुरुस्ती न करता समासात प्रश्न लिहायचा. निखिल त्या आठवड्यात रजेवर तर नाही ना, आणि वेळापत्रकाची फाइल खरोखर जोडली आहे का, हेही तिथेच विचारायचं. लीडचं उत्तर आलं की वार बरोबर आहे, तारीख ३. निखिल मात्र बुधवारपर्यंत सुट्टीवर. मेल असा झाला:

“प्रिय ऋजुता, आमच्या टीममध्ये तुझं हार्दिक स्वागत! तू येणार हे कळल्यापासून सगळे खूश आहेत. सोमवारी ३ ऑगस्टला सकाळी साडेनऊला ऑफिसला ये. गेटवर आधार कार्ड दाखवून पास घ्यायचा, मग सरळ तिसरा मजला. लिफ्टचं काही सांगता येत नाही, तेव्हा जिन्याने आलीस तर लवकर पोचशील. पहिल्या आठवड्यात सगळं लगेच जमलंच पाहिजे असं काही नाही. बुधवारपर्यंत मी आहेच, गुरुवारपासून निखिल सगळं दाखवेल. गुरुवारी आम्ही सगळे एकत्र जेवतो, डबा आणू नकोस. बावळट प्रश्न विचारायला पूर्ण परवानगी आहे. वेळापत्रक सोबत जोडलंय.”

राहिली विषयाची ओळ. तिथे लीडने नुसतं “स्वागत” लिहिलं होतं. ऋजुता हा मेल रविवारी रात्री पुन्हा शोधेल तो किती वाजता पोचायचं ते बघायला, म्हणून तिथे लिहिलं: “स्वागत : सोमवार, ३ ऑगस्ट, सकाळी ९.३०”.