लंडनमधला पहिला महिना: घर, डॉक्टर, शाळा

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झालं. डॉलिस हिलमधल्या मंडळाच्या वास्तूत सणासुदीला नवे चेहरे भेटतात आणि ओळख होते न होते तोच तेच तीन विषय निघतात: घर, डॉक्टर आणि मुलांची शाळा. म्हणून इंग्लंडमध्ये नुकत्याच आलेल्या कुटुंबांचं स्वागत करताना मी याच तीन गोष्टींवर बोलतो. मंडळी, तुमचं मनापासून स्वागत. आता कामाचं ऐका.

आधी घर. घरमालक डिपॉझिट मागेल, पण तो मनाला येईल तितकं मागू शकत नाही. वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांहून कमी असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं, असा २०१९चा कायदा आहे. समजा भाडं महिना १,९५० पौंड ठरलं. वर्षाचे झाले २३,४००, आठवड्याचे ४५०, म्हणजे डिपॉझिट २,२५० पौंडांच्या वर जाता कामा नये. हे पैसे मालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवायचे असतात आणि त्याची लेखी माहिती तुम्हाला द्यायची असते. महिना उलटला तरी कागद आला नाही, तर लगेच ईमेलने विचारा. नोंदणी केली नसेल तर न्यायालय मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. आणि सामान लावण्याआधी भिंती, गालिचा, ओव्हन, न्हाणीघर यांचे फोटो काढून एजंटला पाठवून ठेवा. घर सोडताना भांडण होतं ते आधीपासूनच्या डागांवरून, आणि तेव्हा तारखेसकटचा फोटोच कामी येतो.

दुसरा डॉक्टर. इथे आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायचा नसतो, त्याआधीच जवळच्या जीपीकडे नाव नोंदवायचं असतं. घरातल्या प्रत्येकाची नोंदणी वेगळी, तान्ह्या बाळाचीसुद्धा. अनेकजण इथे अडतात, कारण रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागितला जातो आणि विजेचं बिल अजून नावावर आलेलं नसतं. नियम असा आहे की ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही, एवढ्याच कारणावरून जीपी नोंदणी नाकारू शकत नाही. नम्रपणे हे सांगा. तरीही नकार मिळाला तर तो लेखी मागा. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरून आलेल्यांनी उपचारांचे पैसे आधीच मोजलेले आहेत, तेव्हा संकोच कशाला? मुलांच्या लसीकरणाचं कार्ड भारतातून आणलं असेल तर नोंदणीच्या वेळी दाखवा, म्हणजे राहिलेल्या लसी ठरवता येतात. साध्या सर्दीखोकल्याला जीपी बहुधा अँटिबायोटिक देणार नाही. आधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. रात्री-बेरात्री सल्ला हवा असेल तर १११ आणि जिवावर बेतलं तर ९९९.

तिसरी शाळा. सरकारी शाळेला फी नाही. वर्ग ठरतो तो १ सप्टेंबरला मुलाचं वय किती यावरून. पुण्यात पहिलीत असलेल्या मुलीला त्या दिवशी सहा पूर्ण झालेली असतील तर ती इथे ‘इयर टू’मध्ये बसेल. तिचं वर्ष गाळलं गेलं, असं समजून आईवडील घाबरतात. पण इथे चार पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये रिसेप्शन वर्गात जातं, म्हणून आकडा पुढचा दिसतो.

वर्षाच्या मधे प्रवेश हवा असेल तर आपल्या काउन्सिलच्या वेबसाइटवर पाहा. कुठे अर्ज काउन्सिलकडे करायचा असतो, कुठे थेट शाळेकडे. त्यासाठी भाडेकरार हाताशी ठेवा. जवळची शाळा भरलेली असेल तर प्रतीक्षायादीत नाव घाला, पण एक लक्षात असू द्या: यादी अर्जाच्या तारखेप्रमाणे लागत नाही, शाळेच्या निकषांप्रमाणे लागते, आणि त्यात घराचं अंतर बहुतेक ठिकाणी मोजलं जातं. तुमच्यानंतर आलेलं पण शाळेला लागून राहणारं कुटुंब तुमच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून मिळालेली दुसरी शाळा नाकारून मुलाला महिनोन्महिने घरी बसवू नका. तिथे घाला आणि पहिल्या शाळेच्या यादीत नाव तसंच राहू द्या. नकाराविरुद्ध अपील करायचा हक्कही तुम्हाला आहे.

या तिन्ही ठिकाणी तुम्ही कुणाचे उपकार मागत नाही, नियमाने जे तुमचं आहे तेच मागता. तेव्हा फोनवर झालेलं बोलणं ईमेलवर आणा, प्रत्येक कागदाची प्रत ठेवा, आणि कुठे अडलात तर दिवस न घालवता मंडळातल्या जुन्या माणसांना विचारा. ती सगळी याच वाटेने आलेली आहेत.