एक व्हिडिओ डिलीट केला की चॅनलच्या आकड्यांचं काय होतं?

उदाहरणासाठी कोकणातल्या एका गृहिणीचा पाककृतींचा यूट्यूब चॅनल घेऊ. चार वर्षं जुना, चाळीसेक व्हिडिओ आणि सगळे मिळून 6,20,000 व्ह्यूज. त्यात उकडीच्या मोदकांचा एक जुना व्हिडिओ आहे. आवाज खोल गेलेला, प्रकाश अपुरा आणि मागे एका सिनेमातलं गाणं वाजतंय. आता बाईंचा हात बसलाय, कॅमेराही चांगला आलाय, त्यामुळे जुना व्हिडिओ डोळ्यांना खुपतो. तो काढून टाकावा असं त्यांच्या मनात येतं. अडचण अशी की चॅनलवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच आहे. एकट्या मोदकांचे 2,10,000 व्ह्यूज आहेत.

डिलीट केला तर ते व्ह्यूज एकूण बेरजेतून जातील का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चॅनलवाल्याला कधी ना कधी पडतो. त्यावर लोकांकडून उलटसुलट उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं सगळं जातं, कुणी म्हणतं काहीच जात नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोघे वेगवेगळ्या ठिकाणचा आकडा पाहत असतात. चॅनलचा हिशेब एकाच वहीत लिहिलेला नसतो. एक आकडा जगाला दिसतो, एक फक्त मालकाला दिसतो आणि एक पैसे मिळण्याची पात्रता ठरवतो. डिलीटचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही.

आधी जगाला दिसणारा आकडा पाहू. चॅनलच्या माहितीच्या चौकटीत सदस्यसंख्येजवळ एकूण व्ह्यूज दिलेले असतात. व्हिडिओ डिलीट झाला की त्याचे व्ह्यूज साधारणपणे या बेरजेतून कमी होतात. तेही लगेच दिसेल असं नाही, कधीकधी काही दिवस जातात. मोठ्या चॅनलांची रोजची वाढ नोंदवणाऱ्या सोशल ब्लेडसारख्या ठिकाणी एखाद्या दिवशी व्ह्यूज उणे झालेले दिसतात, त्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं. त्या दिवशी कुणी व्हिडिओ काढलेला असतो किंवा लोकांपासून लपवलेला असतो. आपल्या उदाहरणात 6,20,000 वरून आकडा 4,10,000 वर येईल. सदस्यसंख्या मात्र तशीच राहील. मोदक पाहून सदस्य झालेला माणूस त्या व्हिडिओबरोबर निघून जात नाही.

आता मालकाला दिसणारा आकडा. यूट्यूब स्टुडिओत Analytics उघडलं की चॅनलचा सगळा इतिहास दिसतो. डिलीट केलेल्या व्हिडिओचे व्ह्यूज आणि वॉच टाइम इथल्या एकूण बेरजेत कायम राहतात, असं यूट्यूबने आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिलं आहे. जातं ते नाव. व्हिडिओचं शीर्षक आणि पत्ता दिसेनासा होतो, शोधूनही सापडत नाही आणि त्याचा वेगळा तपशील कधीच मिळत नाही. लोक ते तास खरोखर पाहत बसले होते, ही घडलेली गोष्ट आहे. ती इतिहासातून पुसली जात नाही, फक्त कुणाच्या नावावर राहत नाही.

त्यामुळे नंतर एक गोंधळ होतो. समजा, बाईंच्या चॅनलचा आजवरचा वॉच टाइम 18,600 तास आहे. त्यातला मोदकांचा वाटा 7,000 तासांचा, म्हणजे दर व्ह्यूमागे सरासरी दोन मिनिटं. व्हिडिओ काढल्यावरही वरची बेरीज 18,600 च दाखवेल. पण खाली यादीत उरलेल्या व्हिडिओंचे तास एकेक करून मिळवले तर 11,600 च भरतात. आकडेवारी चुकली असं वाटून माणूस घाबरतो. ती चुकलेली नसते. तो 7,000 तासांचा फरक म्हणजे निनावी झालेला मोदकांचा व्हिडिओ. वरची बेरीज आणि यादीची बेरीज जुळत नसेल, तर या चॅनलवर पूर्वी काही काढून टाकलं होतं का, हे आधी आठवून पाहावं.

खरा फटका बसतो तो पात्रतेच्या हिशेबात. यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये जाऊन जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर 1,000 सदस्य आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्सवाल्यांसाठी दुसरा मार्ग आहे, 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूजचा. आपण तासांच्या मार्गाकडे पाहू. यूट्यूबच्या भाषेत हे तास वैध आणि सार्वजनिक असावे लागतात. म्हणजे व्हिडिओ आज सर्वांसाठी खुला असला पाहिजे. डिलीट केलेले, प्रायव्हेट ठेवलेले आणि अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच उघडता येणारे, असे व्हिडिओ इथे धरत नाहीत. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून मिळालेले तास आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेले तासही धरत नाहीत. म्हणून Analytics मधला एकूण वॉच टाइम आणि Earn या विभागात दिसणारे पात्रतेचे तास बऱ्याचदा वेगळे असतात. निर्णय घेताना Earn मधलाच आकडा पाहायचा.

समजा, बाईंचे गेल्या 12 महिन्यांतले पात्र तास 4,150 झाले आहेत. उंबरठा ओलांडून 150 तास वर. मोदकांच्या व्हिडिओचे आजवरचे तास 7,000 असले, तरी त्यांतले बहुतेक जुन्या वर्षांतले आहेत आणि ते या हिशेबातून कधीच बाहेर पडले आहेत. गेल्या वर्षभरात तो 27,000 वेळा पाहिला गेला, दर वेळी सरासरी दोन मिनिटं, म्हणजे 900 तास. डिलीटचं बटण दाबलं की हे 900 तास जातील आणि 4,150 चे 3,250 होतील. उंबरठ्याच्या वर असलेला चॅनल 750 तास खाली येईल.

त्याच चॅनलवर गणपतीच्या मखराचा तीन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ आहे असं धरू. त्याचे 60,000 व्ह्यूज आहेत, पण वर्षभरात तो कुणी फारसा उघडलेला नाही. त्याचे गेल्या 12 महिन्यांतले तास आहेत फक्त 12. तो काढला तर जगाला दिसणारा आकडा 60,000 नी घसरेल आणि डोळ्यांना तोटा मोठा दिसेल. पात्रतेत मात्र केवळ 12 तासांचा फरक पडेल. कोणता व्हिडिओ किती महाग पडेल, हे त्याच्या एकूण व्ह्यूजवरून ठरत नाही. ते त्याच्या गेल्या 12 महिन्यांतल्या तासांवरून ठरतं.

सणावारांच्या व्हिडिओंना यात आणखी एक बाजू आहे. मोदकांचा व्हिडिओ मुख्यतः भाद्रपदात पाहिला जातो. त्यामुळे त्याचे वर्षाचे तास दोन-तीन आठवड्यांतच साठतात. गणपती गेल्यावर महिन्याभरात तो काढला तर ताजे, पुढचे अकरा महिने उपयोगी पडणारे तास घालवले असं होतं. पुढच्या गणपतीच्या तोंडावर तेच तास तसेही 12 महिन्यांच्या चौकटीतून बाहेर पडायला लागलेले असतात. पण तेव्हा काढला तर नव्या हंगामाचे प्रेक्षक हुकतात. काढायचाच असेल, तर आधी नवा मोदकांचा व्हिडिओ टाकून त्याला एक हंगाम मिळू द्यावा, मग जुन्याचा विचार करावा.

पार्टनर प्रोग्रॅममध्ये आधीच असलेल्यांनी एवढं घाबरायचं कारण नाही. प्रवेश मिळाल्यावर तास 4,000 च्या खाली गेले म्हणून कुणाला आपोआप बाहेर काढत नाहीत. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चॅनलवर काहीच टाकलं नाही, तर मात्र तसं होऊ शकतं. व्हिडिओने आधी मिळवून दिलेलं उत्पन्नही केवळ तो काढला म्हणून परत घेतलं जात नाही. पुढची कमाई मात्र तिथेच थांबते.

डिलीट कायमचं असतं. यूट्यूबवर त्याला कचऱ्याची टोपली नाही, तिथून परत काढता येत नाही. तीच फाइल पुन्हा टाकली तरी तो नवा व्हिडिओ होतो. त्याला नवा पत्ता मिळतो, व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात आणि जुन्या प्रतिक्रिया गेलेल्या असतात. कुणी नातेवाइकांना पाठवलेली जुनी लिंक उघडली, तर व्हिडिओ उपलब्ध नाही एवढाच संदेश दिसतो. याउलट व्हिडिओ प्रायव्हेट केला तर त्याचे तास पात्रतेतून तेवढ्यापुरते वजा होतात. पुन्हा सार्वजनिक केला की 12 महिन्यांच्या चौकटीत असलेले तास परत धरले जातात. मन बनत नसेल तर आधी हेच करून पाहावं आणि काही दिवसांनी Earn मधला आकडा किती खाली आला ते बघावं.

मागे वाजणारं गाणं हीच अडचण असेल, तर डिलीटची गरजच नाही. स्टुडिओच्या Editor मध्ये गाणं बंद करता येतं किंवा बदलता येतं, नको तो तुकडा कापता येतो, चेहरा किंवा पाटी धूसर करता येते. यात पत्ता, व्ह्यूज आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. मर्यादा एवढीच की पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसलेल्या चॅनलच्या व्हिडिओला एक लाखापेक्षा जास्त व्ह्यूज असतील, तर धूसर करण्याखेरीज दुसरे बदल जतन होतीलच असं नाही. आपल्या मोदकांच्या व्हिडिओचं नेमकं तेच झालंय. तिथे आधी प्रवेश मिळवायचा आणि मग गाणं काढायचं, हा क्रम बरा. कॉपीराइटचा स्ट्राइक आलेला असेल, तर व्हिडिओ डिलीट केल्याने तो उतरतही नाही. म्हणजे तास जातात आणि स्ट्राइक राहतो.

म्हणून बटण दाबण्याआधी पाच मिनिटं काढा. त्या व्हिडिओचं Analytics उघडा, काळ Last 365 days निवडा आणि वॉच टाइमचे तास कागदावर लिहा. Earn मधल्या तासांतून ते वजा करा. उत्तर 4,000 च्या वर राहत असेल, तर व्हिडिओची फाइल आणि त्याची आकडेवारी आधी उतरवून घ्या, मग खुशाल काढा. खाली जात असेल, तर तो व्हिडिओ कितीही जुनाट दिसला, तरी तुमचा नवा व्हिडिओ तेवढे तास कमावेपर्यंत त्याला हात लावू नका.