चित्र तेच, पडदे दोन

लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला आणि जागा काही वाढली नाही, ही तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: त्या मॉनिटरवर नेमकं काय दिसतंय? लॅपटॉपचंच चित्र हुबेहूब दिसत असेल, तर केबल, अडॅप्टर आणि पोर्ट तिन्ही ठणठणीत आहेत. पडदा काळाच राहिला असेल, तर सेटिंग चाळण्यात अर्थ नाही, आधी चित्राचा रस्ता तपासावा लागतो. हा फरक न पाहता लोक सरळ नवी केबल विकत आणतात, आणि बहुतेक वेळा ते पैसे वाया जातात.

हुबेहूब चित्राचा उपाय सोपा. विंडोजमध्ये Win आणि P या कळा एकत्र दाबल्या की चार पर्याय दिसतात: PC screen only, Duplicate, Extend आणि Second screen only. यातला Extend निवडला की दोन्ही पडदे मिळून एकच लांबलचक डेस्कटॉप होतो आणि एकावरची खिडकी माउसने ओढून दुसऱ्यावर नेता येते. Extend निवडूनही काही होत नसेल, तर Device Manager उघडून Display adapters या ओळीखाली पाहावं. तिथे Microsoft Basic Display Adapter असं नाव असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास घडतं. हा कामचलाऊ ड्रायव्हर एका पडद्यापुरताच असतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेणं, हाच त्यावरचा इलाज.

काळ्या पडद्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त फसवतो तो टाइप-सी पोर्ट. पोर्टचा आकार सारखा असला म्हणून काम सारखं नसतं. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी असतात. चित्र बाहेर पाठवायचं तर पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड यावा लागतो, म्हणजे त्याच्या वेगवान वाहिन्यांपैकी काही किंवा सगळ्या चित्रासाठी मोकळ्या करता याव्या लागतात. पोर्टशेजारी डी-पी ही अक्षरं जोडलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर निर्धास्त राहावं. चिन्ह नसेल तर मॉडेलची माहितीपुस्तिका पाहावी. पोर्टलाच चित्र पाठवता येत नसेल, तर टाइप-सी ते एचडीएमआयचा साधा अडॅप्टर कितीही महाग घेतला तरी चालणार नाही.

अडॅप्टरला दिशाही असते. लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारा साधा, स्वस्त अडॅप्टर सहसा चालतो, कारण असे बहुतेक पोर्ट स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल काढू शकतात. उलट दिशेने तसं होत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर सिग्नल खरोखर बदलणारा, वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानात तोंडं जुळताहेत एवढंच पाहून घेतलेला अडॅप्टर इथे निरुपयोगी ठरतो.

पुण्यातल्या वास्तुरचनेच्या एका विद्यार्थिनीला एका पडद्यावर नकाशा आणि दुसऱ्यावर संदर्भाची छायाचित्रं हवी होती. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट आधी चालायचा, आता मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणत होता. मॉनिटरच्या मेन्यूमध्ये इनपुट बरोबर निवडलेलं होतं. तीच केबल सेट टॉप बॉक्सला लावून पाहिली तर चित्र लगेच आलं. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोघेही सुटले. Settings मध्ये System, मग Display, मग Multiple displays इथल्या Detect बटणानेही काही सापडेना. Device Manager मध्ये मात्र दोन ग्राफिक्स दिसत होती, एक इंटेलचं आणि एक एनव्हिडियाचं, आणि एनव्हिडियाच्या चिन्हावर खाली वळलेला छोटा बाण होता. बॅटरी वाचावी म्हणून तिने ते बंद करून ठेवलं होतं. अशा अनेक लॅपटॉपमध्ये स्वतःचा पडदा इंटेलच्या चिपवर चालतो, पण एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. ती चिप बंद म्हणजे पोर्टही बंद, आणि लॅपटॉप मात्र निरोगी दिसत राहतो. उजवं क्लिक करून Enable device केलं, आणि मॉनिटर उजळला.

मॅकवाल्यांची एक अडचण मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. एकाच टाइप-सी वायरीतून दोन मॉनिटरना वेगवेगळी चित्रं पाठवणारी एमएसटी पद्धत विंडोज वापरतं, मॅकओएस वापरत नाही. त्यामुळे दोन एचडीएमआय असलेला त्या पद्धतीचा हब मॅकला लावला, तर दोन्ही बाहेरच्या मॉनिटरवर एकच चित्र येतं. शिवाय 2020 च्या एम-1 मॅकबुक एअरला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. त्यापुढे जायचं तर डिस्प्लेलिंकचा डॉक घ्यावा लागतो. तो चित्र सॉफ्टवेअरने दाबून साध्या यूएसबीतून पाठवतो, म्हणून चित्र न पाठवणाऱ्या पोर्टवरही चालतो. कागदपत्रं, तक्ते यांना तो पुरतो, पण वेगवान खेळ किंवा व्हिडिओ संपादनासाठी घेऊ नये.