चौकोनी नळीतील संथ प्रवाह आणि उष्णतेचा हिशेब

विजेच्या मोठ्या उपकरणांतील तापणारे भाग थंड ठेवण्यासाठी त्यांच्याखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवतात आणि तिच्या पोटातील बारीक वाटांमधून पाणी खेळवतात. अशा पट्टीला कोल्ड प्लेट म्हणतात. या वाटा गोल क्वचितच असतात. धातूत खाचा पाडून वर झाकण बसवले की तयार होणारी वाट आयताकृती असते. वाट अरुंद असल्याने पाणी बहुधा स्तरीय पद्धतीने वाहते, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकतात आणि घुसळण होत नाही. अशा प्रवाहात भिंतीची उष्णता पाण्याच्या मध्यापर्यंत केवळ वहनाने, थराथरातून झिरपत पोचते. त्यामुळे वाटेचा आकार निर्णायक ठरतो.

गोल नळीचे माप एका व्यासात सांगता येते, आयताचे येत नाही. म्हणून हायड्रॉलिक व्यास वापरतात. प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट करून तिला द्रवाने भिजलेल्या परिमितीने भागले की तो मिळतो: Dh = 4A/P. गोल नळीसाठी हे सूत्र तिचाच व्यास देते. चौरसासाठी ते बाजूची लांबी देते आणि दोन रुंद सपाट भिंतींमधल्या फटीसाठी फटीच्या उंचीची दुप्पट. परिमिती मोजताना पाणी लागणारी प्रत्येक भिंत धरायची, मग ती तापवलेली असो वा नसो.

प्रक्षुब्ध, घुसळणाऱ्या प्रवाहात हा व्यास घेऊन गोल नळीची सूत्रे वापरली तर उत्तर बरेच जवळ येते, कारण घुसळण आकारातील फरक पुसून टाकते. स्तरीय प्रवाहात तशी मुभा नाही. हायड्रॉलिक व्यास वाटेचे माप सांगतो, तिचा आकार सांगत नाही. आकाराचा परिणाम नुसेल्ट अंकात येतो. जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अंक भिंत आणि द्रव यांच्यातील उष्णता-संक्रमण किती प्रभावी आहे ते दाखवतो. त्याला द्रवाच्या उष्णतावाहकतेने गुणून हायड्रॉलिक व्यासाने भागले की उष्णता-संक्रमण गुणांक मिळतो.

स्तरीय प्रवाह पूर्ण विकसित झाला की हा अंक स्थिर होतो आणि वेगावर अवलंबून राहत नाही. म्हणूनच त्याचे कोष्टक करता येते. शाह आणि लंडन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी मूल्ये अनेक आकारांसाठी एकत्र केली आहेत. त्यांतील नेहमी लागणारी काही अशी:

| छेदाचा आकार | लांबीभर सारखा उष्णता-प्रवाह | भिंतीचे तापमान स्थिर |
|---|---|---|
| समभुज त्रिकोण | ३.११ | २.४७ |
| चौरस | ३.६१ | २.९८ |
| वर्तुळ | ४.३६ | ३.६६ |
| आयत, बाजूंचे प्रमाण २ | ४.१२ | ३.३९ |
| आयत, बाजूंचे प्रमाण ४ | ५.३३ | ४.४४ |
| आयत, बाजूंचे प्रमाण ८ | ६.४९ | ५.६० |
| दोन सपाट भिंतींमधली फट | ८.२४ | ७.५४ |

त्रिकोण आणि चौरस यांचे अंक वर्तुळापेक्षा कमी आहेत, कारण त्यांच्या कोपऱ्यांत पाणी जवळजवळ थबकते आणि तेथील भिंतीचा उष्णता वाहून नेण्यासाठी फारसा उपयोग होत नाही. आयत चपटा होत गेला की पाण्याचा जवळजवळ प्रत्येक कण कोणत्या ना कोणत्या भिंतीजवळ येतो, म्हणून अंक वाढत जातो. स्तंभ कोणता घ्यायचा, हे भिंत कशी तापते त्यावर ठरते. विजेने सारखे तापणारे उपकरण असेल तर पहिला, भिंतीबाहेर वाफेचे पाणी होत असेल तर दुसरा.

एक उदाहरण पाहू. तांब्याच्या पट्टीत १ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर खोल आणि २५० मिलिमीटर लांब वाट आहे. तिच्या चारही भिंती तापतात आणि पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने वाहते. छेदाचे क्षेत्रफळ ४ चौरस मिलिमीटर आणि परिमिती १० मिलिमीटर, म्हणून हायड्रॉलिक व्यास १.६ मिलिमीटर. पाणी सरासरी ३६ अंश सेल्सिअसला असेल तर रेनॉल्ड्स अंक सुमारे २३० येतो. स्तरीय प्रवाहाची नेहमीची मर्यादा सुमारे २३०० आहे, म्हणजे येथे शंकेला जागा नाही.

बाजूंचे प्रमाण ४ असल्याने नुसेल्ट अंक ५.३३. पाण्याची उष्णतावाहकता ०.६२ धरली तर गुणांक येतो सुमारे २०६५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. या वाटेला २० वॅट उष्णता दिली तर पाणी शिरताना ते बाहेर पडताना सुमारे १२ अंशांनी तापते. पूर्ण विकसित भागात भिंत तेथील पाण्यापेक्षा सुमारे ३.९ अंशांनी गरम राहते. तोच व्यास घेऊन गोल नळीचा ४.३६ वापरला असता तर हा फरक ४.७ अंश आला असता. चूक एक-पंचमांशाची, आणि ती केवळ आकार विसरल्यामुळे.

पण कोष्टक वापरण्यापूर्वी प्रवाह खरोखर विकसित झाला आहे का, हे तपासावे लागते. वाटेच्या तोंडाशी फक्त भिंतीलगतचा पातळ थर तापलेला असतो आणि तेथे उष्णता अधिक सहज जाते. तापमानाची घडी बसेपर्यंतची लांबी साधारण ०.०५ गुणिले रेनॉल्ड्स अंक गुणिले प्रांटल अंक गुणिले व्यास इतकी असते. या पाण्याचा प्रांटल अंक सुमारे ४.७ आहे, म्हणून ती लांबी ८६ मिलिमीटर, वाटेच्या एक-तृतीयांशाहून थोडी जास्त. उरलेल्या भागाला कोष्टक लागू पडते.

वेग पाचपट केला तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ११५० होतो. प्रवाह अजून स्तरीयच, पण प्रवेश-लांबी ४३० मिलिमीटर होते, म्हणजे वाटेपेक्षाही मोठी. मग कोष्टकातील अंक कुठेच लागू पडत नाही. प्रत्यक्ष गुणांक त्याहून जास्त असतो आणि भिंत हिशेबापेक्षा थंड राहते. वेग दहापट केला तर प्रवाह स्तरीयतेच्या मर्यादेवरच पोचतो आणि कोष्टकावर विसंबता येत नाही.

आणखी दोन अटी विसरायच्या नाहीत. सपाट फटीची एकच भिंत तापत असेल आणि दुसरी उष्णतारोधक असेल तर ८.२४ च्या जागी ५.३९ घ्यावा लागतो. शिवाय पहिल्या स्तंभातील मूल्ये धरून चालतात की प्रत्येक छेदात भिंतीचे तापमान सगळीकडे सारखे आहे. जाड तांब्यात हे खरे ठरते, कारण धातू उष्णता कोपऱ्यांतून वळवून पसरवतो. उष्णता नीट न पसरवणाऱ्या भिंतीला सभोवार सारखीच उष्णता दिली तर कोपरे जास्त तापतात आणि चौरसाचा अंक ३.६१ वरून ३.०९ वर येतो.

थोडक्यात क्रम असा: आधी हायड्रॉलिक व्यास, मग रेनॉल्ड्स अंक, त्यानंतर प्रवेश-लांबी, आणि शेवटी त्या आकाराच्या ओळीतला, त्या तापण्याच्या पद्धतीचा नुसेल्ट अंक. लांबीची कसोटी उतरली नाही तर कोष्टक बाजूला ठेवून प्रवेश-भागाची सूत्रे वापरावीत.