घरचं बीपी: पट्टा, बैठक आणि सात दिवसांची सरासरी

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची पद्धत इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये मांडली. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद होता आणि त्यावर आकडे खऱ्यापेक्षा जास्त यायचे. पट्टा अरुंद असल्यामुळे असं होतं, हे पुढच्या पाचेक वर्षांतच जर्मनीच्या हाइनरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवलं आणि पट्टा रुंद केला. म्हणजे पट्ट्याचं माप चुकलं की बीपी चुकतं, हे सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही आज बीपीचं मशीन घेताना कंपनी, किंमत, वॉरंटी सगळं विचारलं जातं. आपल्या दंडाचा घेर किती, हे बहुतेकांना माहीत नसतं.

हा घेर शिंप्याच्या टेपने दोन मिनिटांत कळतो. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं हाड यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, हात सैल सोडायचा आणि त्या खुणेवर टेप गुंडाळायची, आवळायची नाही. मशीनसोबत साधारणपणे मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो; तसं पट्ट्यावरच छापलेलं असतं. तुमचा घेर ३५ आला, तर तो पट्टा तुमचा नाही. मोठा पट्टा, बहुधा ३२ ते ४२ चा किंवा २२ ते ४२ असा मोठ्या पल्ल्याचा, वेगळा मागवावा लागतो. तो त्याच मशीनसाठी बनवलेला हवा. दुसऱ्या कंपनीचा जोडून चालत नाही.

चूक होते ती अशी. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाभोवती घेराच्या किमान तीन चतुर्थांश तरी जायला हवी. ती आखूड पडली की दाब आतल्या रोहिणीपर्यंत नीट पोहोचत नाही, मग ती दाबून बंद करायला मशीनला जास्त हवा भरावी लागते आणि तोच जास्तीचा दाब आकडा म्हणून दिसतो. बाल्टिमोरमध्ये १९५ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता, त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. एक माप मोठा पट्टा हवा असणाऱ्यांत ही चूक पाचच्या आसपास होती. बारीक दंडाच्या माणसांना उलटं झालं: नेहमीचा पट्टा त्यांना सैल पडला आणि आकडा साडेतीनच्या सुमारास कमी आला. पाचचा फरक किरकोळ वाटतो, पण निदानाच्या रेषेजवळ तेवढ्यावरही गोळी सुरू होऊ शकते.

पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवून बांधायचा. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंड आवळते. हात बाहीतून बाहेर काढणं बरं.

बसण्याबद्दल आपल्या घरांत एक अडचण असते. दिवाणावर किंवा जमिनीवर मांडी घालून बसणं आपल्याला आरामाचं वाटतं, पण पाठीला टेकू नसेल किंवा पाय एकमेकांवर असतील, तर आकडा वर जातो. जेवणाच्या टेबलाशी पाठीच्या खुर्चीवर बसावं, दोन्ही तळवे जमिनीला टेकवावेत आणि हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्यावी. हात त्या पातळीच्या खाली गेला की वरच्या रक्ताचं वजनही आकड्यात मिसळतं: दहा सेंटीमीटरला सात-आठ अंक. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे नेहमीच्या सवयींवर तपासलं. हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सुमारे चारने आणि बाजूला लोंबता सोडल्यास साडेसहाने वाढला.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं, मग पाच मिनिटं काही न बोलता बसावं. मशीन चालू असताना कुणी शेजारून ‘किती आलं?’ विचारलं तर उत्तर देऊ नये. बोलण्यानेही दाब वाढतो.

किती वेळा मोजायचं, याचं उत्तर सात दिवस असं आहे. सकाळी उठल्यावर तासाभरात, न्याहारी आणि बीपीच्या गोळीच्या आधी, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. रात्री जेवणाआधी किंवा झोपण्यापूर्वी पुन्हा दोन वेळा. अगदी जमलंच नाही तर निदान तीन दिवस. आलेला प्रत्येक आकडा लिहायचा, न आवडलेलासुद्धा. पहिल्या दिवसाचे चार आकडे सरासरीत धरायचे नाहीत, कारण नव्या मशीनचं, नव्या कामाचं दडपण त्यांत असतं.

समजा, चोपन्न वर्षांच्या एका शिक्षिकेचं बीपी दवाखान्यात १५२/९४ आलं आणि गोळी सुरू करायची की नाही, हा प्रश्न आहे. दंडाचा घेर ३५, म्हणून त्यांनी मोठा पट्टा घेतला. रोजच्या चार नोंदींची सरासरी अशी आली: पहिल्या दिवशी १४८/९१, मग १३६/८६, १३२/८३, १३९/८७, १३०/८२, १३४/८४ आणि १३३/८३. सातही दिवस धरले तर सरासरी १३६/८५ होते. पहिला दिवस वगळला तर १३४/८४. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे उच्च रक्तदाब, ही युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांची रेषा आहे. दवाखान्यातल्या १४०/९० ची ती घरातली जोडी. दोन्हींपैकी एक आकडा जरी रेषेवर गेला तरी तो धरला जातो. म्हणजे एकच दिवस धरला की वगळला यावर बाई रेषेच्या या किंवा त्या बाजूला जातात.

मग १३४/८४ म्हणजे सुटका का? माझ्या मते नाही. अमेरिकी संस्था १३०/८० लाच रेषा मानतात. इथे दवाखान्यातला आकडा घरच्यापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे डॉक्टरांना पाहून वाढणाऱ्या दाबाचा संशय रास्त आहे. तरी अशी माणसं पुढे खऱ्या उच्च रक्तदाबाकडे जाण्याची शक्यता जास्त असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर या आकड्याला वेगळं वजन देतील. नसेल, तर मीठ, वजन, चालणं यांवर लक्ष ठेवून काही महिन्यांनी हाच आठवडा पुन्हा करायला सांगतील. मला याच्या उलटा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो: दवाखान्यात १२८/८०, घरी सरासरी १४२/८८. अशा माणसाला कुणी आजारी समजतच नाही आणि हृदयाचं नुकसान मात्र चालू राहतं. तो घरच्या वहीतच सापडतो.

मशीन दंडाचंच घ्यावं. मनगटाच्या मशीनमध्ये हाताची पातळी सहज चुकते. मॉडेल तपासलेलं आहे की नाही, ते stridebp.org वर पाहता येतं. सुरुवातीला दोन्ही हातांवर मोजावं आणि सतत जास्त येणारा हात पुढे कायम धरावा. हृदयाची लय अनियमित असणाऱ्यांत मशीनचे आकडे भरवशाचे नसतात, ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

सरासरीची वाट पाहायची नाही, अशी एक वेळ आहे. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजावं. पुन्हा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, दिसायला कमी होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नये. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात जावं.