तीस दिवसांत वाचन : मागचं राहिलं तरी आजचं वाचा



जानेवारी अर्ध्यावर आला, की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एक बेत हमखास निघतो. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी आपल्या मुलांनी स्टेजवर जाऊन चार ओळी तरी वाचाव्यात, आणि त्याही इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या नव्हेत, देवनागरीतल्या. तुमच्या मनात असा बेत असेल, तर कॅलेंडर बघा. 29 जानेवारीला सुरुवात केली, तर 27 फेब्रुवारी हा बरोबर तिसावा दिवस येतो. आज आपण बोलणार आहोत ते हे तीस दिवस चार-सहा घरांनी मिळून कसे चालवायचे याबद्दल, आणि मधेच गळून जाणाऱ्या मुलाला परत कसं आणायचं याबद्दलही.

आधी आमच्या गटाची फजिती सांगते. पहिल्या वर्षी आम्ही सात घरं होतो. व्हॉट्सॲपवर गट केला आणि एक सुंदर तक्ता बनवला. डाव्या बाजूला मुलांची नावं, वरती तीस दिवस, आणि वाचन झालं की हिरवी खूण. पहिले पाच दिवस तक्ता हिरवागार होता. मग एका घरी सर्दी-ताप आला, दुसऱ्या घरी बास्केटबॉलची मॅच आली, आणि तक्त्यात पांढरी घरं दिसू लागली. ज्या मुलाची तीन घरं पांढरी राहिली, त्याच्या आईने आठव्या दिवसापासून गट उघडणंच सोडून दिलं. विसाव्या दिवशी खुणा फक्त दोन घरांच्या होत्या, आणि त्यांतलं एक घर माझं होतं, कारण तक्ता मीच बनवला होता!

चूक मुलांची नव्हती आणि आयांचीही नव्हती. चूक बेताच्या रचनेत होती. अमेरिकेतच सुरू झालेला कादंबरीचा महिना तुम्ही ऐकला असेल. 1999 साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात एकवीस जणांनी एका महिन्यात 50,000 शब्द लिहायचं ठरवलं, आणि तो उपक्रम पुढे जगभर गेला. त्याचा हिशोब मांडून बघा. तीस दिवसांत 50,000, म्हणजे रोज साधारण 1,667 शब्द. तीन दिवस चुकले, की डोक्यावर 5,000 शब्दांचं कर्ज. हौशी लेखकाला असं कर्ज कदाचित चालेल. सात वर्षांच्या मुलाला ते फेडता येत नाही, ते फक्त टाळता येतं. आमच्या तक्त्याने नकळत हेच कर्ज मांडून ठेवलं होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी एकच नियम ठेवला. मागचं भरून काढायचं नाही, आजचं वाचायचं. पण हा नियम नुसता बोलून चालत नाही. रोजचा सरावच असा लिहावा लागतो, की चार दिवस चुकलेलं मूलही आजचं निम्मं-अर्धं वाचू शकेल. ते कसं करायचं, ते पहिल्या आठवड्यावरून दाखवते.

आपण शाळेत अ, आ, इ, ई असं शिकलो. पण बोललेलं मराठी समजणाऱ्या मुलाला वाचायला शिकवताना ग, म, भ, न अशी आकाराने जवळची अक्षरं आधी घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तिचा फायदा असा, की पहिल्या दिवसापासून शब्द मिळतात. पहिला दिवस : ग, म, न. शब्द तीन : मन, नमन, गगन. दुसरा दिवस : भ आणि काना. शब्द : मामा, नाना, नाग, भाग. ज्या मुलाला दुसऱ्याच दिवशी ‘मामा’ वाचता येतं, ते पुण्यातल्या मामाला फोन लावल्याशिवाय राहत नाही. तिसरा दिवस : र आणि स. शब्द : गरम, मगर, सागर, नगर. चौथा दिवस : त आणि ल. भात, रात, लाल, गाल. पाचवा दिवस : व, ब, क. बाबा, काका, वारा, नाक, कान.

आता सहावा दिवस. त्या दिवशी नवं अक्षर नाही. फक्त जोड्या वाचायच्या : गरम आणि मगर, नाक आणि कान, राग आणि गार. अक्षरं तीच, क्रम वेगळा. पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकणारं मूल इथे अडखळतं, आणि खरं वाचणारं मूल हळू का होईना, बरोबर जातं. परीक्षा न घेता तुम्हाला कळतं, की पाया बसला की नाही. सातवा दिवस मोकळा. चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावाही मोकळा. या दिवशी काही पाठवायचं नाही. ज्याला वाटेल त्याने जुनं वाचावं, नाही तर आराम करावा.

प्रत्येक दिवसाच्या पाच शब्दांत नव्या अक्षराचे दोनच ठेवा. उरलेले तीन पहिल्या पाच-सहा दिवसांतल्या अक्षरांचे असू द्या. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, कारण सगळंच नवं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र नक्की जमतं. त्यामुळे अकराव्या दिवशी परत आलेल्या मुलाला पाचांतले तीन तरी येतातच. त्याची गाडी सुटलेली नसते.

दुसऱ्या आठवड्यात वेलांट्या आणि उकार घ्या, पण दुसरी वेलांटी आधी : मी, काकी, बाकी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, म्हणून ‘कि’ बघून मुलं ‘इक’ वाचतात. ती दोन दिवसांनी आणा. तिसऱ्या आठवड्यात मात्रा आणि उरलेली अक्षरं, चौथ्यात आम्ही, तुम्ही, रस्ता, पत्र अशी रोजची जोडाक्षरं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जीभ’ आणि ‘जाड’मधला ज वेगळा, हे तेव्हाच सांगा. ऐकून ते मुलांना आधीच माहीत असतं. डोळ्यांना फक्त दाखवायचं असतं.

ही तीसही टिपणं 29 जानेवारीच्या आधी लिहून ठेवा. रोज रात्री सुचवायला बसलात, तर सर्वांत आधी तुम्हीच गळाल. दोघांनी आलटून पालटून ती ठरलेल्या वेळी पाठवावीत. एका टिपणात तीनच गोष्टी : हे बघा, हे वाचा, वाचलेलं बोलून पाठवा. सगळं मिळून दहा मिनिटं.

वेळेची एक गंमत आहे. हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. मुलाने झोपण्याआधी आवाज पाठवला, की आजी तो पहिल्या चहाबरोबर ऐकते, आणि मूल उठतं तेव्हा तिचं उत्तर आलेलं असतं. कॅलिफोर्नियात रात्री आठ म्हणजे तिकडे साडेनऊ, तेही जमतं.

आता शाबासकीचं बोलू, कारण आपण प्रेमानेच दुखावतो. आमच्याकडे एका मुलीने ‘गूळ’चं ‘गूल’ वाचलं. गटातल्या एका काकांनी हसरा चेहरा टाकला, आणि मग आणखी तिघांनी. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. त्या मुलीने पुढे सहा दिवस आवाज पाठवला नाही. तेव्हापासून गटात दुरुस्ती बंद. ळ बसला नसेल, तर ते पालकाला वेगळं कळवायचं, आणि दोन दिवसांनी सगळ्यांच्याच टिपणात बाळ, माळ, गूळ घालायचे. गटात उत्तर द्यायचं ते एका नेमक्या गोष्टीबद्दल. ‘वा, छान’ दहा वेळा ऐकून मुलाला काहीच कळत नाही. ‘सागरमधला काना तू मस्त लांबवलास’ म्हटलं, की पुढचा काना ते स्वतःहून लांबवतं.

‘बघ, ती तुझ्याहून लहान आहे’ हे वाक्य घरातही नको. आणि ‘अजून तिघांचं आलेलं नाही’ हे गटात कधीच नको. कोण आलं नाही, हे सगळ्यांना दिसतंच. तक्त्याच्या जागी आम्ही एक बेरीज ठेवली : आज सगळ्यांनी मिळून किती शब्द वाचले. सात घरं गुणिले पाच, म्हणजे 35. तीनच घरं आली, तर 15. कालच्या बेरजेत ते मिळवायचे. हा आकडा कधी खाली येत नाही, आणि त्यात कुणाचं नाव नसतं.

तीन दिवस शांत असलेल्या घराला मात्र निरोप द्यायचा. गटात नाही, वेगळा, आणि मुलाला नाही, पालकाला. आमचा निरोप असा असतो : ‘आज पाच शब्द आहेत, त्यांतले तीन तुमच्याकडे झालेलेच आहेत. मागचं काही भरायचं नाही. आठ वाजता ऐकायला आजी आहेत.’ का आला नाहीत, हे विचारायचं नाही. कारण विचारलं, की माणूस आधी सबब शोधतो आणि मग पुस्तक.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवयी कशा लागतात, ते 96 जणांवर अभ्यासलं होतं. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, असं त्यांना आढळलं. पण सवय अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागले. म्हणजे तीस दिवस पुरेसे नाहीत, हेही मान्य करू. तीस दिवसांनी तुमचं मूल गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचणार नाही. ते शब्द जोडत, थांबत, एक छोटा परिच्छेद वाचेल. ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना चुकेल. त्यापुढे रविवारची मराठी शाळा आहेच.

म्हणून शेवटच्या दोन दिवसांना नवं काही ठेवू नका. एकोणतिसाव्या दिवशी आजीने किंवा आजोबांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आठ ओळींचं पत्र, फोटो काढून मुलाला पाठवावं. आधी घरातल्या कुणी ते वाचून दाखवू नये. तिसाव्या दिवशी मुलाने ते आजीलाच फोनवर वाचून दाखवावं. आमच्याकडे ‘गूल’ वाचणाऱ्या त्या मुलीच्या पत्रात आजीने मुद्दाम लिहिलं होतं, ‘संक्रांतीचा तिळगूळ तुझ्यासाठी डब्यात ठेवला आहे.’ ती त्या शब्दाशी थांबली. तिने ‘ति’ लावला. मग ळ दोनदा, सावकाश म्हटला. पलीकडे आजी गप्प राहिली आणि तिने तिला पूर्ण करू दिलं.

तुमचा गट सुरू करायचा असेल, तर या आठवड्यात चार घरं शोधा आणि पहिली सात टिपणं लिहा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार!